पोलीस व्हेरिफिकेशन : मालकाने काय कळवायचे, भाडेकरूने काय द्यायचे

वाचकाचे पत्र

मी मूळची लातूरची, वय २७. वाकडला मैत्रिणीबरोबर दोन बेडरूमचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर घेतला आहे. करार आम्हा दोघींच्या नावे आहे आणि त्याची ऑनलाइन नोंदणीही झाली आहे. घरमालक काका स्वभावाने चांगले आहेत, पण वयस्कर आहेत. आता ते म्हणतात की पोलीस व्हेरिफिकेशनचे सर्टिफिकेट रविवारपर्यंत तुम्हीच आणून द्या, मूळ आधार कार्ड तोवर माझ्याकडे ठेवा, वडिलांच्या बँक पासबुकाची झेरॉक्स द्या आणि दोन कोऱ्या फॉर्मवर सह्या करा. आम्ही काय गुन्हेगार आहोत का, असे वाटून चीड येते. पोलीस लातूरला घरी चौकशीला गेले तर आई-बाबा घाबरतील. शिवाय माझी मामेबहीण स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पाच-सहा महिने आमच्याकडे राहणार आहे आणि भाड्यात वाटा देणार आहे. काकांना हे अजून सांगितलेले नाही. फॉर्ममध्ये तिचे नाव नाही टाकले तर चालेल का?

उत्तर

आधी सर्टिफिकेटचा घोळ सोडवू, कारण तुमची चीड आणि काकांचा आग्रह या दोन्हींचे मूळ त्यातच आहे. बोलताना आपण ज्याला सरसकट ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळी कामे मिसळलेली असतात. पहिले काम म्हणजे भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे. ते घरमालकाचे काम आहे. त्याला शुल्क नाही आणि त्याच्या शेवटी हाती येते ती फक्त पोच. दुसरे काम म्हणजे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्यासाठी ज्याचे प्रमाणपत्र हवे त्याने स्वतः अर्ज करायचा असतो, शुल्क भरायचे असते आणि पोलीस ठाण्यातून चौकशी झाल्यावर आयुक्तालयाकडून किंवा अधीक्षक कार्यालयाकडून ते मिळते. नोकरीसाठी, सुरक्षारक्षक म्हणून लागण्यासाठी आणि अशा इतर कामांसाठी लोक ते काढतात. घर भाड्याने देताना मालकाने करायचे असते ते पहिले काम. काका मागत आहेत दुसऱ्या कामाचा कागद, आणि तोही रविवारपर्यंत, म्हणजे चौकशीला लागणारा वेळ पाहता जवळजवळ अशक्य मुदतीत.

काका मुद्दाम अडवणूक करत आहेत असे मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. सोसायटीच्या ऑफिसातून किंवा एजंटकडून कोणीतरी त्यांना ‘व्हेरिफिकेशन करून घ्या, नाहीतर तुमच्यावर केस होईल’ असे सांगितले असावे आणि त्यांनी त्याचा अर्थ ‘सर्टिफिकेट आणायला लावा’ असा घेतला असावा. केस होईल ही भीती अगदीच निराधार नाही, फक्त ती कशासाठी होऊ शकते हे त्यांना नीट कळलेले नाही.

महाराष्ट्रातील पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि आपल्या हद्दीत घर भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवलीच पाहिजे, असे त्यात बजावतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर ते तिच्या कलम १६३ खाली निघतात. अशा आदेशाची मुदत एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. राज्य सरकारला ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येते. म्हणून तोच मजकूर तारीख बदलून पुन्हा पुन्हा निघताना दिसतो. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आदेश मोडल्याने लोकांच्या जिवाला वा सुरक्षिततेला धोका उद्भवत असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ही टांगती तलवार माहिती न कळवणाऱ्यावर आहे. भाडेकरूकडून सर्टिफिकेट न घेतल्याबद्दल मालकावर काही होत नाही.

ही गोष्ट काकांना कळली की निम्मा ताण उतरेल, असा माझा अंदाज आहे. त्यांना सर्टिफिकेट हवे नसून आपण माहिती कळवली याचा पुरावा हवा आहे, आणि तो पुरावा एका संध्याकाळी तुम्ही दोघी त्यांच्या शेजारी बसून मिळवून देऊ शकता. जबाबदारी मालकाची असली तरी कीबोर्डवर बोटे कोणाची आहेत याला महत्त्व नाही. पुष्कळ ठिकाणी हे काम एजंटच करतो. मात्र फॉर्ममध्ये मालकाचेही छायाचित्र, मोबाइल क्रमांक आणि पत्ता लागतो. त्यामुळे त्यांना बाजूला ठेवून तुम्ही तो परस्पर भरणे व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही.

फॉर्म भरताना एक साधी चूक वारंवार होते. लोक ‘पुणे’ म्हणून पुणे शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर जातात. तुमचे वाकड मात्र ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. हिंजवडीचेही तसेच. शहर पुणे असले तरी पोलिसांची हद्द वेगळी, आणि दुसऱ्या आयुक्तालयाकडे गेलेली माहिती तुमच्या ठाण्याच्या नोंदीत सापडेल याची खात्री नाही. फॉर्म राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून भरा किंवा आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून भरा, जिल्हा, आयुक्तालय आणि पोलीस ठाणे या तीन रकान्यांत बरोबर नावे निवडली आहेत ना, हे सगळ्यात आधी पाहा. ऑनलाइन जमले नाही तर ठाण्यात जाऊन कागदावर माहिती देण्याचा मार्ग आहेच.

आता तुमचाच फॉर्म भरून पाहू. नमुने जागोजागी थोडे वेगळे असतात, पण गाभा सारखाच आहे. सुरुवातीला मालकाची माहिती येते. नंतर भाड्याने दिलेल्या घराचा पूर्ण पत्ता येतो, आणि तिथे इमारतीचे नाव, विंग, फ्लॅट क्रमांक व पिनकोड करारात जसा आहे तसाच लिहावा. कराराची सुरुवातीची व शेवटची तारीख लिहायची. मग भाडेकरूचे नाव, छायाचित्र, कायमचा पत्ता, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक, मोबाइल आणि ईमेल. तुमच्या बाबतीत कायमचा पत्ता लातूरचा, आणि तो ओळखपत्रावर आहे तसाच लिहा. तुम्ही मध्यंतरी आधारवरचा पत्ता बदलून पुण्याचा करून घेतला असेल, तर लातूरच्या पत्त्यासाठी मतदार ओळखपत्र किंवा तिथला पत्ता असलेले ड्रायव्हिंग लायसन्स हाताशी ठेवा. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे या कामी त्याचा उपयोग नाही. त्यानंतर नोकरीच्या ठिकाणाचे नाव व पत्ता. घरात राहणाऱ्या पुरुष, स्त्रिया आणि मुले यांची संख्याही पुष्कळ नमुन्यांत विचारतात. त्या आकड्याकडे मी थोड्या वेळाने परत येणार आहे. मध्यस्थ असेल तर त्याचे नाव लिहायचे. तुमची मैत्रीण स्वतंत्र भाडेकरू आहे, त्यामुळे तिचीही माहिती पूर्ण द्यायची. ‘आणि एक मैत्रीण’ एवढ्याने भागत नाही.

या फॉर्ममध्ये एक रकाना असा असतो की त्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि पोलिसांना गरज पडलीच तर त्यांचा पहिला फोन तिथेच जातो. तो म्हणजे तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे आणि फोन क्रमांक. लोक तिथे घाईत सुचेल ते नाव लिहितात, एखादा जुना क्रमांकही लिहून मोकळे होतात. तुम्ही एक नाव पुण्यातले द्या, उदाहरणार्थ ऑफिसमधली वरिष्ठ सहकारी, आणि दुसरे लातूरचे, शक्यतो घरचे वडीलधारे सोडून ओळखीतले कोणी. दोघांनाही आधी फोन करून सांगा की तुमचे नाव देत आहे आणि कधी फोन आलाच तर मी वाकडला अमुक इमारतीत राहते, एवढे सांगा. तुम्ही कुठे राहता हे ज्याला माहीत नाही, असा ओळखीचा माणूस देण्यापेक्षा न दिलेला बरा.

तुमच्या आई-बाबांच्या काळजीचे उत्तर याच रकान्याशी जोडलेले आहे. भाडेकरूची माहिती कळवली म्हणून पोलीस प्रत्येकाच्या गावी चौकशीला जातात असे नाही. माहिती ठाण्याच्या नोंदीत राहते, तिची पडताळणी करणे हे पोलिसांच्या हाती असते, आणि काही शंका आली तर ते फोन करतात किंवा ठाण्यात बोलावतात. चारित्र्य प्रमाणपत्राच्या अर्जात चौकशी हा प्रक्रियेचाच भाग असतो, तसे इथे नाही. तरी आई-बाबांना फॉर्म भरण्याआधी फोन करून सांगून ठेवा. पोलिसांचा फोन आला की घरात काय गोंधळ उडतो, तो ‘हा फोन येऊ शकतो’ हे माहीत असले की उडत नाही.

आता कागदपत्रांच्या यादीकडे वळू. काकांच्या चार मागण्या एकाच यादीत आल्या असल्या तरी त्या एका जातीच्या नाहीत. तुमची ओळख आणि कायमचा पत्ता दाखवणारा पुरावा, छायाचित्र, नोकरीचे ठिकाण, संपर्क क्रमांक आणि कराराची प्रत, एवढे तुम्ही दिले पाहिजे. त्यात टाळाटाळ केली तर काका अडचणीत येतील, आणि ते अन्यायाचे होईल. वडिलांच्या पासबुकाचा पोलिसांच्या फॉर्मशी काहीही संबंध नाही. भाडे वेळेवर मिळेल का, ही मालकाची खासगी काळजी आहे. ती करण्याचा त्यांना हक्क आहे, पण ती करार होण्यापूर्वी करायची असते, आणि तिच्यासाठी तुमची पगाराची पावती पुरते. द्यायचीच असेल तर खाते क्रमांक झाकून द्या. ‘पोलिसांना लागते’ असे म्हणून कोणी बँकेचे कागद मागितले, तर ‘फॉर्मच्या कोणत्या रकान्यासाठी?’ एवढे शांतपणे विचारावे. रकाना नसेल तर कागदही नाही.

मूळ आधार कार्ड ठेवून घेण्याची मागणी मात्र सौम्य शब्दांत, पण ठामपणे नाकारा. ओळखपत्र दाखवायचे असते. ते डिपॉझिटसारखे मालकाच्या कपाटात ठेवायचे नसते. मूळ कागद आणि प्रत शेजारी ठेवून त्यांनी डोळ्यांनी ताडून पाहावे, झाले. पासपोर्ट असेल तर तो कोणाकडेही ठेवायचा नाही, कारण कायद्याने तो केंद्र सरकारची मालमत्ता आहे. आधारची प्रत देताना मास्क्ड आधार द्या. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ई-आधार उतरवताना तसा पर्याय निवडता येतो आणि मग बारा अंकांपैकी पहिले आठ झाकलेले, शेवटचे चार दिसणारे अशी प्रत मिळते. ही फाइल उघडायला पासवर्ड लागतो : आधारवरील नावाची इंग्रजीतील पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. पासवर्ड माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण कंटाळून पूर्ण क्रमांकाची झेरॉक्स देऊन टाकतात. ऑनलाइन फॉर्मने ओळखपत्राचा पूर्ण क्रमांक मागितला, तर ओळखपत्राचा प्रकार म्हणून मतदार कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स निवडा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

प्रतीवर आडवे लिहा : ‘फक्त भाडेकरू माहिती नोंदणीसाठी’, खाली घराचा पत्ता, तारीख आणि सही. हे लिखाण रिकाम्या कोपऱ्यात करू नका. अक्षरे छायाचित्राच्या आणि मजकुराच्या अंगावरून गेली पाहिजेत, नाहीतर तो कोपरा झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येते. काका तसे करतील असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण प्रत काकांकडून एजंटकडे जाते, एजंटकडून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून सोसायटीच्या ऑफिसात, आणि या प्रवासात ती कोणाच्या फोनमध्ये राहिली हे कोणालाच सांगता येत नाही. फोनवरून पाठवायची असली तरी अशी लिहिलेलीच पाठवा.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, याला अपवाद नाही. काकांचा हेतू बहुधा एवढाच असेल की नंतर पुन्हा तुम्हाला बोलवायला नको. म्हणूनच मी सगळ्यांनी एकत्र बसून भरण्याचा आग्रह धरते आहे. कागदी फॉर्म असेल तर न लागणाऱ्या रकान्यांत ‘लागू नाही’ लिहा, मोकळ्या जागेत आडवी रेघ मारा आणि सही केल्यावर प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवा. त्यात अविश्वास नाही. उद्या चुकीचा फ्लॅट क्रमांक लिहिला गेल्याचे लक्षात आले, तर चूक कुठे झाली हे कळायला ते छायाचित्र काकांच्याही उपयोगी पडेल.

आता त्या संख्येच्या रकान्याकडे, म्हणजे तुमच्या मामेबहिणीकडे. तुमचा प्रश्न ‘नाव नाही टाकले तर चालेल का’ असा आहे. माझे स्पष्ट उत्तर ‘नाही’ असे आहे, पण कारण तुम्हाला वाटते त्यापेक्षा थोडे वेगळे आहे. चार दिवस राहायला आलेली बहीण ही पाहुणी असते आणि तिच्यासाठी कोणी फॉर्म भरत नाही. पाच-सहा महिने राहणारी, भाड्यात वाटा देणारी बहीण पाहुणी राहत नाही. मनाई आदेशांच्या मजकुरात घर ‘भाड्याने किंवा पोटभाड्याने’ देणाऱ्यावर माहिती कळवण्याची जबाबदारी टाकलेली असते. तुम्ही करारात नसलेल्या व्यक्तीला घरात ठेवून तिच्याकडून पैसे घेऊ लागलात, तर माहिती दडवणारी व्यक्ती म्हणून बोट काकांकडे नव्हे, तुमच्याकडे वळू शकते. शिवाय ‘स्त्रिया : २’ असे लिहिलेल्या फॉर्मवर तुमचीच सही असेल. आज ज्या फॉर्ममुळे आपल्याकडे संशयाने पाहिले जाते असे तुम्हाला वाटते, त्याच फॉर्ममध्ये अपुरी माहिती देणे म्हणजे संशयाला जागा करून देणे आहे.

तुमच्या करारातही बहुधा असे कलम असेल की जागा फक्त करारात नावे असलेल्यांनी वापरायची आणि दुसऱ्या कोणाला ठेवायचे नाही. ते कलम आजच काढून वाचा. मला तुमची अडचण कळते : बहिणीचे सांगितले तर काका भाडे वाढवतील किंवा नाहीच म्हणतील, ही धाकधूक आहे. तसे होऊ शकते. पण बहीण राहायला आल्यावर दुसऱ्या महिन्यात सोसायटीच्या वॉचमनकडून त्यांना कळले, तर ते नाही म्हणतील आणि तुमच्यावरचा त्यांचा विश्वासही जाईल. तेव्हा बहिणीला परीक्षेच्या तोंडावर दुसरी जागा शोधावी लागेल. आता विचारले तर निदान तिच्या हाती वेळ आहे.

काका हो म्हणाले तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे तिघींच्या नावे नवा करार. त्याचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. समजा भाडे महिना २८,००० रुपये आणि परत मिळणारे डिपॉझिट एक लाख आहे. अकरा महिन्यांचे भाडे ३,०८,००० रुपये, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले अकरा महिन्यांचे व्याज सुमारे ९,२०० रुपये मिळवायचे, आणि या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे आठशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, आणि वर हाताळणीचा खर्च व एजंटची फी. पाच-सहा महिन्यांसाठी एवढी यातायात काका करतीलच असे नाही. दुसरा मार्ग मला तुमच्या बाबतीत जास्त योग्य वाटतो. तुम्ही दोघींनी काकांना ईमेलने किंवा पत्राने कळवावे की अमुक नावाची माझी मामेबहीण अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत आमच्यासोबत राहणार आहे. काकांनी त्याला लेखी संमती द्यावी. आणि पोलिसांच्या फॉर्ममध्ये तिचीही माहिती, छायाचित्रासह, द्यावी. फॉर्म अजून भरलेला नाही, हे तुमच्या पथ्यावर पडले आहे. तिघींचे एकदमच होऊन जाईल. तिचा मुक्काम पुढे लांबला, तर करार संपून नवा होईल तेव्हा तिचे नाव त्यात घालून घ्या.

काका नाही म्हणाले, तर बहिणीने हॉस्टेल किंवा पीजी पाहावे. तिथेही मालकाने तिची माहिती पोलिसांना कळवायचीच असते, आणि तिथेही तिने पोच मागावी.

पोच या विषयात सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. ‘करार ऑनलाइन नोंदला ना, मग पोलिसांकडे आपोआप जाते’ असे एजंट सर्रास सांगतात. असे कोणी सांगितले तर त्यावर वाद घालू नका. ‘मग त्याची पोच द्या’ एवढेच म्हणा. कराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ खाली होते आणि तीही मालकाचीच जबाबदारी आहे, पण ती नोंदणी विभागाकडची नोंद. पोलिसांकडची नोंद झाली याचा पुरावा म्हणजे ऑनलाइन अर्जाचा क्रमांक असलेली प्रत, किंवा ठाण्याचा शिक्का व आवक क्रमांक पडलेली कागदी प्रत. ती हाती आली की लगेच चार गोष्टी तपासा : नावांचे स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, पोलीस ठाणे आणि कराराच्या तारखा. एक प्रत काकांना, एक तुमच्या दोघींकडे, आणि सोसायटीने मागितली तर तिसरी तिथे. सोसायटीला घर भाड्याने दिल्याचे कळवणे हे सभासद म्हणून काकांचे काम आहे. आदर्श उपविधींप्रमाणे त्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, पण आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत द्यायची असते. त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसने तुमच्या आधारच्या वेगळ्या प्रती मागितल्या, तर आधी पोच आणि करार दाखवून पाहा.

राहता राहिला रविवार. काकांना आजच फोन करा आणि ‘सर्टिफिकेट मिळणार नाही’ या वाक्याने सुरुवात करू नका. ‘काका, तुमच्यावर जबाबदारी आहे ती माहिती कळवण्याची, आणि ती आपण शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे बसून ऑनलाइन भरू या, मी लॅपटॉप आणते, तुमचा एक फोटो आणि करार काढून ठेवा,’ असे म्हणा. बहिणीचा विषय त्याच फोनवर, फॉर्म उघडण्याआधी काढा. जाताना तिघींची छायाचित्रे मोबाइलवर लहान आकारात करून न्या, कारण मोठ्या फाइली संकेतस्थळ घेत नाही आणि मग तासभर त्यातच जातो. एवढे करूनही काका सर्टिफिकेटवर अडून बसले, तर वाकड पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर जा आणि ‘भाडेकरू ठेवताना मालकाने काय द्यायचे?’ हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. तुम्ही दहा वेळा सांगितलेले जे पटले नाही, ते ठाण्यातल्या हवालदाराने एकदा सांगितले की पटेल. तरीही सर्टिफिकेट नाही म्हणून घर सोडा असे ते म्हणाले, तर करारात तशी अट आहे का आणि मुदतीआधी करार संपवायला किती दिवसांची नोटीस लिहिली आहे, ही दोन कलमे त्यांच्यासमोर वाचा. नोंदणी झालेल्या करारात जी अट नाही, ती नंतर तोंडी घालता येत नाही.